इन्व्हर्स न काढता इन्व्हर्सचा डेरिव्हेटिव्ह: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीच्या डिफरन्सिएशनमध्ये, मग एंट्रन्सला, आणि परत इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला हा प्रश्न येतोच: फंक्शन दिलंय, त्याच्या इन्व्हर्सचा डेरिव्हेटिव्ह अमुक पॉइंटला काढा. उत्तर दोन ओळींचं असतं, पण त्या दोन ओळींत नेमकी कुठली संख्या कुठे टाकायची इथे भरपूर मुलं अडकतात, आणि माझ्याकडे शिकायला येणारी मुलं त्यावर जे जे विचारतात ते इथे एका जागी लिहितोय. जमेल तिथे एकच फंक्शन वापरलंय, `f(x) = x⁵ + 2x + 1`, म्हणजे दरवेळी नवीन गणित डोक्यात बसवायला नको. आणि f च्या इन्व्हर्सला सगळीकडे g म्हटलंय.

फॉर्म्युलाच माहीत नसेल तर डेरिव्हेटिव्ह निघणार कसा?

ही शंका अगदी रास्त आहे, कारण तोपर्यंत आपण जे जे डेरिव्हेटिव्ह काढलेले असतात ते सगळे फॉर्म्युला समोर ठेवूनच काढलेले असतात.

आधी f आणि g काय करतात ते बघू. f ला 1 दिला की तो 1 + 2 + 1 म्हणजे 4 देतो. g उलटं काम करतो, त्याला 4 दिला की हा 4 कुठल्या x वरून आला ते तो सांगतो, म्हणजे `g(4) = 1`. आता g चा फॉर्म्युला काढायचा म्हणजे `y = x⁵ + 2x + 1` मधून x एकटा बाजूला काढायचा, आणि इथे गाडी थांबते, कारण हे पाचव्या डिग्रीचं समीकरण आहे आणि पाचव्या डिग्रीला सरसकट चालेल असा मुळं घेऊन लिहायचा फॉर्म्युला असूच शकत नाही, हे नील्स आबेलने 1824 मध्ये सिद्ध करून ठेवलंय. म्हणून त्या वाटेला जायचंच नाही.

पण आपल्याला g चा फॉर्म्युला मागितलेलाच नाही. मागितलाय तो 4 या एका ठिकाणचा g चा स्लोप, म्हणजे y हा 4 वरून जरासा हलला तर x किती हलेल. आणि हे तर f कडूनच कळतं! x ला 1 वरून 1.01 वर न्या, f(1.01) येतं 4.07101. म्हणजे x हलला 0.01 आणि y हलला 0.07101. हेच g च्या बाजूने वाचा: y हलला 0.07101 तेव्हा x हलला 0.01. भागाकार केला तर 0.1408. आणि f चा x = 1 ला डेरिव्हेटिव्ह आहे 7, आणि 1/7 म्हणजे 0.142857. जवळ आलं ना? x ची हालचाल अजून लहान घेतली की अजून जवळ येतं, ते पुढे करून दाखवलंय.

मग फॉर्म्युला काय, आणि स्टेप्स कशा लिहायच्या?

`f(a) = b` असेल आणि `f′(a)` शून्य नसेल तर

`g′(b) = 1 / f′(a)`

यात a आणि b ही दोन वेगळी अक्षरं आहेत ती मुद्दाम तशी आहेत, आणि माझं स्पष्ट मत आहे की इथे दोन्हीकडे x लिहायची सवय लावूच नये. b ही g ला दिलेली संख्या, म्हणजे f चा आउटपुट. a म्हणजे ज्या x मुळे तो आउटपुट आला तो x.

आपल्या उदाहरणात `g′(4)` हवाय. तर b = 4. आता असा a शोधायचा की `a⁵ + 2a + 1 = 4`. 1 टाकून बघितला, बसला. मग `f′(x) = 5x⁴ + 2`, त्यात 1 टाकला, 7 आलं. उलटं केलं, `g′(4) = 1/7`. झालं. पेपरमध्ये मात्र मधे एक ओळ जरूर लिहा, की `f′(x) = 5x⁴ + 2` हे कुठल्याही x साठी कमीत कमी 2 आहे, म्हणजे f सतत वाढतोय, म्हणजे तो वन-वन आहे आणि इन्व्हर्स आहे. ही ओळ सोडून दिली तर आपण जे अस्तित्वात आहे की नाही हेच बघितलं नाही त्याचा स्लोप काढत बसलोय असं होतं.

मी 1/f′(4) केलं तर 1/1282 आलं, ते का चूक?

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच आहे. प्रश्नात `g′(4)` दिसतं, डोळ्याला 4 दिसतो, आणि हात आपोआप 4 ला f′ मध्ये टाकतो. 5 × 256 + 2 = 1282, उलटं केलं, 1/1282.

पण f′(4) म्हणजे x = 4 च्या जवळ f किती वेगाने वाढतो ते. तिथे f ची किंमत आहे 1024 + 8 + 1 = 1033. म्हणजे तुम्ही काढलेलं 1/1282 हे बरोबरच आहे, पण ते `g′(1033)` चं उत्तर आहे, `g′(4)` चं नाही. ग्राफवर g चा 4 चा पॉइंट म्हणजे (4, 1), आणि त्याचा जोडीदार f च्या ग्राफवर (1, 4). (4, 1033) हा पॉइंट पार दुसरीकडेच आहे.

ओळखायची सोपी युक्ती अशी की 4 हातात आला की स्वतःला विचारायचं, हा y आहे की x? g च्या कंसात बसलेली संख्या कायम f चा y असते. f′ च्या कंसात मात्र कायम x जातो. म्हणून कंसातली संख्या बदलल्याशिवाय इकडून तिकडे जाताच येत नाही, अपवाद फक्त जिथे योगायोगाने f(a) = a असेल तिथला.

हे असं उलटं का होतं? पाठ न करता समजेल असं सांगा ना

दोन रस्ते आहेत, दोन्ही एकेकदा चालून बघा.

पहिला चेन रूलचा. g ने f चं काम उलटवलं की मूळ x परत मिळतो, म्हणजे `g(f(x)) = x`. दोन्ही बाजूंचा डेरिव्हेटिव्ह घ्या. उजवीकडे 1 येतो. डावीकडे चेन रूलने `g′(f(x)) · f′(x)`. म्हणजे `g′(f(x)) · f′(x) = 1`. आता x = a ठेवा, f(a) च्या जागी b लिहा, आणि f′(a) ने भागा. फॉर्म्युला हातात आला, आणि बघा, g′ च्या कंसात f(x) आणि f′ च्या कंसात साधा x हे इथेच ठरून गेलं. आधीच्या प्रश्नातली चूक करणाऱ्याने ही एक ओळ पेपरच्या कोपऱ्यात लिहून सुरुवात केली तर ती चूक होतच नाही. (यात एक गोष्ट आपण गृहीत धरली, की g ला डेरिव्हेटिव्ह आहे. तो आहेच हे वेगळं सिद्ध करावं लागतं, आणि f त्या भागात कंटिन्युअस आणि वन-वन असेल आणि f′(a) शून्य नसेल तर ते सिद्ध होतं.)

दुसरा रस्ता ग्राफचा. g चा ग्राफ म्हणजे f च्या ग्राफचं `y = x` या तिरक्या रेषेतलं आरशातलं प्रतिबिंब, कारण (1, 4) चं (4, 1) होतं, x आणि y ची अदलाबदल. आता f ला (1, 4) पाशी टँजंट काढली, तिचा स्लोप 7, म्हणजे 1 आडवं गेलं की 7 वर. आरशात बघितलं की आडवं ते उभं आणि उभं ते आडवं होतं, म्हणजे 7 आडवं गेलं की 1 वर. स्लोप 1/7. चढी टँजंट आरशात लोळते आणि जवळजवळ सपाट टँजंट आरशात उभी राहते. हे चित्र एकदा वहीत हाताने काढा, पुढचे निम्मे प्रश्न त्यातच सुटतात.

a शोधायचा कसा? तेही समीकरणच सोडवणं झालं की

हो, समीकरण आहेच, पण ते एकाच y साठी सोडवायचंय, सगळ्या y साठी नाही, आणि फरक सगळा तिथे आहे. `x⁵ + 2x + 1 = y` कुठल्याही y साठी सोडवणं अशक्यप्राय, पण `x⁵ + 2x + 1 = 4` साठी 1 टाकला की काम झालं.

परीक्षेतल्या गणितात a बहुतेक वेळा सोपा ठेवलेला असतो. 0, 1, −1, 2 एवढे टाकून बघायचे. e ची पॉवर असेल तर 0 आधी, लॉग असेल तर 1 आधी, साइन-कोसाइन असेल तर 0 आणि π/2 चे भाऊबंद. उदाहरणार्थ `f(x) = x³ + e^(x/2)`, `g′(1)` काढा, हे एंट्रन्सच्या तयारीत सगळ्यांना भेटतं. e ची पॉवर आहे म्हणून 0 टाकला: 0 + 1 = 1, बसला. `f′(x) = 3x² + ½·e^(x/2)`, त्यात 0 टाकला तर ½. म्हणून `g′(1) = 2`. f वाढतच जाणारा आहे, त्यामुळे एक a सापडला की दुसरा असायची भीती नाही, शोध तिथेच थांबवायचा.

आणि a सोपा नसेल तर?

मग a अंदाजे काढायचा, पद्धत तीच राहते. समजा आपल्याच फंक्शनसाठी `g′(10)` हवाय. `x⁵ + 2x = 9` व्हायला हवं. x = 1.4 ला डावी बाजू 8.178 येते, कमी पडली. 1.45 ला 9.310, जास्त झाली. म्हणजे a मधे कुठेतरी आहे. 1.437 टाकलं तर 9.0015, अगदी किंचित जास्त. त्या जागेचा स्लोप साधारण 23.3 आहे, म्हणून 0.0015 ला 23.3 ने भागून तेवढं मागे आलो (न्यूटनची पद्धत हीच), a ≈ 1.43694. आता f′(a) ≈ 23.317 आणि `g′(10) ≈ 0.0429`.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, a मधे चूक राहिली तर ती f′(a) मध्ये पण उतरते. 1.4 वरच थांबलो असतो तर f′ 21.2 आलं असतं आणि उत्तर 0.047, म्हणजे जवळपास दहा टक्के जास्त. म्हणून a चे दशांश जरा जास्तच काढा.

प्रश्नात "x = 1 ला" असं दिलं असेल तर?

नीट वाचा, कारण दोन प्रकारचे प्रश्न दिसायला सारखेच असतात. "इन्व्हर्सचा डेरिव्हेटिव्ह काढा, x = 1 असताना" असं असेल तर बोर्डाच्या पद्धतीने तिथे x म्हणजे मूळ फंक्शनचा x. a आयता मिळाला, शोधायचं काहीच नाही, `dx/dy = 1/(dy/dx)` लिहायचं आणि त्यात x = 1 टाकायचा. आपल्या f साठी 1/7.

पण प्रश्न `(f⁻¹)′(1)` असा असेल तर 1 हा y आहे. मग `x⁵ + 2x + 1 = 1`, म्हणजे x = 0, f′(0) = 2, उत्तर ½. तोच 1, तेच फंक्शन, आणि उत्तरं 1/7 आणि ½. मार्क इथे जातात, कॅल्क्युलेशनमध्ये नाही.

बोर्डात कधी कधी कुठलाच पॉइंट न देता नुसतं "y = x log x च्या इन्व्हर्सचा डेरिव्हेटिव्ह काढा" असं पण येतं. `dy/dx = 1 + log x`, म्हणून `dx/dy = 1/(1 + log x)`. मुलं विचारतात की सर, इन्व्हर्सचं उत्तर y मध्ये नको का? x मध्ये ठेवलेलं चालतं, कारण इथे x म्हणजे g(y) च आहे, फक्त तो उघडून लिहिता येत नाहीये. अट एवढीच की 1 + log x शून्य होता कामा नये, म्हणजे x = 1/e सोडायचा, आणि इन्व्हर्स म्हणायचं तर x > 1/e अशी एक बाजू धरायची.

f(x) = b ची दोन-तीन उत्तरं आली, कुठलं घ्यायचं?

म्हणजे f सगळीकडे वन-वन नाहीये, आणि प्रश्नात डोमेन दिलेलं असणार जे तुम्ही वाचलं नाही. `f(x) = x³ − 3x` घ्या. हा −1 पर्यंत चढतो, मग 1 पर्यंत उतरतो, मग परत चढतो. `f(x) = 0` ची तीन उत्तरं: −√3, 0 आणि √3.

डोमेन `x ≥ 1` दिलं असेल तर a = √3, `f′(x) = 3x² − 3`, f′(√3) = 6, `g′(0) = 1/6`. डोमेन `−1 ≤ x ≤ 1` दिलं असेल तर a = 0, f′(0) = −3, `g′(0) = −1/3`. मायनस आलं म्हणून घाबरू नका, f उतरत असेल तर त्याचा इन्व्हर्सही उतरतो, आरशात उतार चढ होत नाही. ही दोन वेगळी फंक्शन्स आहेत आणि त्यांचे इन्व्हर्सही वेगळे, नुसता फॉर्म्युला एक दिसतो म्हणून ती एक समजू नका. आणि डोमेन दिलंच नसेल तर तो प्रश्नच अर्धवट आहे, मग तुम्ही कुठलं डोमेन धरलं ते स्वतः लिहून पुढे जा.

f′(a) शून्य आला तर उत्तर काय लिहायचं?

"त्या पॉइंटला g ला डेरिव्हेटिव्ह नाही." शून्य लिहायचं नाही, आणि "फॉर्म्युला लागू पडत नाही म्हणून माहीत नाही" असंही नाही. कारण चेन रूलची ओळ परत बघा, `g′(b) · f′(a) = 1`. f′(a) शून्य असेल तर डावीकडे कुठलीही संख्या टाकली तरी 1 येणारच नाही, म्हणजे तशी g′(b) असूच शकत नाही.

`f(x) = x³`, x = 0 ला बघा. f वन-वन आहे, इन्व्हर्स आहे, क्यूब रूट. f ची टँजंट 0 ला आडवी, आरशात ती उभी होते, आणि उभ्या रेषेला स्लोप नसतो. इन्व्हर्स असणं आणि इन्व्हर्सला डेरिव्हेटिव्ह असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे याच उदाहरणातून पक्कं होतं. साइन इन्व्हर्सचं पण तेच. `sin⁻¹` चा ½ ला डेरिव्हेटिव्ह हवा तर a = π/6, cos(π/6) = √3/2, उत्तर 2/√3. पण 1 ला हवा तर a = π/2, cos(π/2) = 0, डेरिव्हेटिव्ह नाही. पुस्तकातल्या `1/√(1 − x²)` मध्ये 1 टाकला की खाली शून्य येतो ना, तो इथूनच आलेला असतो.

f⁻¹ म्हणजे 1/f नाही का? पॉवर −1 आहे की

नाही. दुर्दैवाने खूण तीच आहे, पण अर्थ वेगळा. 1/f चा डेरिव्हेटिव्ह `−f′/f²` असतो, त्यात a शोधायचा प्रश्नच येत नाही. आपल्या f साठी x = 4 ला तो −1282/1033² येतो, मायनस आणि अगदी चिमुकला, तर `g′(4)` आहे 1/7. f सतत वाढत असताना तुमच्या इन्व्हर्सच्या डेरिव्हेटिव्हला मायनस आला की समजायचं हाच घोटाळा झालाय.

फंक्शनच दिलं नाहीये, नुसतं टेबल दिलंय

तरी चालतं, उलट ते जास्त सोपं. समजा f(2) = 5, f′(2) = 3, f(5) = 9, f′(5) = 4 आणि `g′(5)` विचारलंय. 5 कुठे आउटपुट म्हणून आलाय ते शोधा: x = 2 ला. मग f′(2) = 3, उत्तर 1/3. दुसऱ्या ओळीतला 5 हा x आहे, तो तुम्हाला चकवायला ठेवलाय.

इंटिग्रलने दिलेलं फंक्शन असलं तरी तेच. `f(x) = ∫₂ˣ dt/√(1 + t⁴)`, `g′(0)` काढा. हे इंटिग्रल नेहमीच्या फंक्शन्समध्ये मावतच नाही, पण सोडवायला कोणी सांगितलंय? शून्य कधी येतो? वरची आणि खालची लिमिट सारखी असेल तेव्हा, म्हणजे a = 2. f′(2) म्हणजे आतल्या फंक्शनमध्ये 2 टाकला की झालं, 1/√17. म्हणून `g′(0) = √17`. मला स्वतःला या विषयातलं हे सगळ्यात सुंदर गणित वाटतं, f चा पण फॉर्म्युला नाही, g चा पण नाही, आणि उत्तर मात्र अचूक.

याचा प्रत्यक्षात कुठे उपयोग?

अर्धगोल कढई घ्या, आतली त्रिज्या 30 सेमी. तळापासून h सेमी पाणी असेल तर पाण्याचं घनफळ `V = πh²(3R − h)/3`, R म्हणजे 30. h वरून V काढणं सोपं. पण कढईत लिटरने पाणी ओतणाऱ्याला उलटं हवं असतं, अजून एक लिटर ओतलं तर पातळी किती चढेल? त्यासाठी V वरून h काढायचा म्हणजे तिसऱ्या डिग्रीचं समीकरण. पण आपल्याला `dh/dV` पुरे आहे, आणि तो `1/(dV/dh)`.

`dV/dh = πh(2R − h)`. आता h = 10 सेमी धरा, म्हणजे कढईत सुमारे 8.38 लिटर पाणी आहे. dV/dh = π × 10 × 50 ≈ 1571 चौ. सेमी. ही संख्या दुसरं तिसरं काही नसून त्या क्षणी पाण्याच्या वरच्या गोल पृष्ठभागाचं क्षेत्रफळ आहे! म्हणजे dh/dV = 1/1571, आणि हे आपल्याला हातानेही पटतं, पसरट भांड्यात ओतलं की पातळी हळू चढते. एक लिटर म्हणजे 1000 घन सेमी, म्हणून पातळी अंदाजे 1000/1571 ≈ 0.64 सेमी चढेल. खरी चढते 0.62, कारण ओतता ओतता कढई रुंद होत जाते.

युनिट्सही बघून घ्या. dV/dh चं युनिट घन सेमी प्रति सेमी, उलटं केल्यावर सेमी प्रति घन सेमी. युनिट उलटलं नसेल तर गणित चुकलंय. आणि कढई रिकामी असताना, h = 0 ला, dV/dh शून्य आहे, म्हणजे dh/dV नाहीच: तळाच्या टोकाशी पृष्ठभागच नसतो, पहिल्या थेंबाला पातळी सर्रकन चढते. वरचा x³ चा प्रश्न तोच होता.

सेकंड डेरिव्हेटिव्ह पण 1/f″ च का?

नाही, आणि ही चूक चांगली चांगली मुलं करतात. `g′(f(x)) = 1/f′(x)` याचा परत डेरिव्हेटिव्ह घ्या. डावीकडे `g″(f(x)) · f′(x)`, उजवीकडे `−f″(x)/f′(x)²`. म्हणून

`g″(b) = −f″(a) / f′(a)³`

आपल्या f साठी f″(x) = 20x³, x = 1 ला 20. म्हणून `g″(4) = −20/343`, साधारण −0.058. मायनस का, तर f 1 पाशी वर वाकतोय आणि वाढतोय, त्याचं आरशातलं रूप खाली वाकतं.

आणि आता सुरुवातीला आलेला 0.1408 आठवा, 0.142857 पेक्षा थोडा कमी का होता? y हा 0.071 ने हलला तेवढ्यात g चा स्लोप कमी होत गेला, सरासरीने 0.058 × 0.071 / 2 म्हणजे सुमारे 0.0021 ने. 0.1429 मधून 0.0021 गेले, 0.1408 राहिले. बरोबर जुळलं.

उत्तर बरोबर आहे का ते कसं तपासू?

g ला हात न लावता तपासता येतं, f च पुरतो. x थोडा हलवा, y किती हलला ते बघा, आणि भागाकार उलटा करा. कॉम्प्युटर असेल तर पायथॉनमध्ये चार ओळी:

```python
f = lambda x: x**5 + 2*x + 1
a = 1
for h in (0.1, 0.01, 0.001):
    print(h / (f(a + h) - f(a)))
```

0.1234, मग 0.1408, मग 0.1427 असं येतं, म्हणजे 0.142857 कडे सरकतंय. साधा कॅल्क्युलेटर असेल तर 0.001 वाली एकच ओळ हाताने केली तरी पुरे. फक्त a बरोबर टाका, तिथे 4 टाकलात तर हा प्रोग्रॅमसुद्धा आनंदाने 1/1282 च्या जवळचं काहीतरी दाखवेल आणि तुम्हाला वाटेल चुकलेलंच उत्तर बरोबर आहे. म्हणून आधी f(a) छापून तो खरंच b आहे ना ते बघा, मगच पुढचं.